शंभर दिवसांचा दावा अठ्ठावन्नावर कसा आला

जलशुद्धीकरण केंद्राच्या त्या प्रकल्पावर मी १२ मे रोजी कंत्राटदाराच्या बाजूने करार अभियंता म्हणून रुजू झालो, तेव्हा काम सुरू होऊन साडेतीन महिने होत आले होते आणि गाळणगृहाच्या खड्ड्यात राफ्टची, म्हणजे तळाच्या सलग काँक्रीट पायाची, एकही सळई बांधली गेलेली नव्हती. करार फिडिक या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या १९९९ च्या लाल पुस्तकावर, म्हणजे बांधकाम कराराच्या छापील नमुन्यावर, आधारलेला होता. काम १ फेब्रुवारीला सुरू झाले होते आणि ते ६०० दिवसांत पूर्ण करायचे होते. मुदत उलटली तर उपकलम ८.७ प्रमाणे प्रत्येक दिवसामागे ठरलेली भरपाई मालकाला द्यावी लागणार होती. साइटवरच्या प्रत्येकाला आपल्याला मुदतवाढ मिळणार याची खात्री होती, कारण राफ्टचे आराखडेच आलेले नव्हते. ती मागितली आहे का, असे मी विचारले तेव्हा मात्र प्रत्येकाने दुसऱ्याकडे पाहिले.

पहिले दोन दिवस मी फक्त पत्रव्यवहार वाचला. २ एप्रिलच्या बैठकीच्या इतिवृत्तात एक ओळ होती: गाळणगृहाच्या राफ्टची रचना पुन्हा तपासली जात आहे, सुधारित आराखडे मिळेपर्यंत सळईकाम सुरू करू नये. ही सूचना इंजिनिअरची होती, म्हणजे मालकाच्या वतीने करार चालवणाऱ्याची, आणि हा लेख वाचताना ‘इंजिनिअर’ शब्दाचा एवढाच अर्थ घ्यावा. आमच्या मंजूर वेळापत्रकात राफ्टचे सळईकाम २० एप्रिलला सुरू व्हायचे होते. त्यानंतर चार-पाच ईमेल गेले होते आणि २४ एप्रिलला आमच्या साइट व्यवस्थापकांनी एक पत्र पाठवले होते. सुधारित आराखडे मिळालेले नाहीत, ते त्वरित मिळाले नाहीत तर काम खोळंबेल आणि त्याची जबाबदारी आमच्यावर राहणार नाही, एवढेच त्यात होते. कोणत्याही कलमाचा उल्लेख नव्हता आणि मुदतवाढ हा शब्दही नव्हता.

उपकलम २०.१ माहीत असलेल्या माणसाला हे वाचून घाम फुटतो. मुदतवाढ किंवा जादा रक्कम मागायची असेल, तर ज्या घटनेमुळे ती मागायची तिची माहिती झाल्यापासून, किंवा व्हायला हवी होती तेव्हापासून, २८ दिवसांच्या आत इंजिनिअरला लेखी नोटीस द्यावी लागते. ती दिली नाही तर मुदत वाढत नाही, पैसे मिळत नाहीत आणि मालक त्या दाव्याच्या सर्व जबाबदारीतून मोकळा होतो, असे त्या उपकलमात स्पष्ट लिहिलेले आहे. २ एप्रिलपासून मोजले तर ही मुदत ३० एप्रिललाच संपलेली होती. मी १४ मे रोजी रीतसर नोटीस पाठवली. ती एक पानाचीही नव्हती. घटना काय, ती केव्हा कळली, ती चालूच आहे, तिच्यामुळे काम पूर्ण होण्यास उशीर होईल आणि म्हणून उपकलम १.९, ८.४ व २०.१ अन्वये आम्ही वेळ व खर्च मागणार आहोत, एवढेच तिच्यात लिहिले. दिवसांचा आकडा मुद्दाम टाकला नाही, कारण नोटिशीत तो लागत नाही, आणि घाईत टाकलेला आकडा पुढे आपल्याच गळ्यात पडतो.

उशिराच्या नोटिशीवर हरकत येणार हे उघड होते, म्हणून तिचा विचार आधीच करून ठेवावा लागला. आमच्या मुख्य कार्यालयातील करार विभागाच्या प्रमुख बाईंनी, ज्यांना सगळे मॅडम म्हणत, मला २०१४ मधील इंग्लंडच्या न्यायालयाचा एक निकाल वाचायला दिला. जिब्राल्टरच्या विमानतळाशेजारच्या रस्त्याच्या व बोगद्याच्या कामावरून ओब्रास्कॉन ही कंपनी आणि तिथले सरकार यांच्यात झालेला तो वाद होता. तो करार फिडिकच्या पिवळ्या पुस्तकावरचा असला तरी त्यातले २०.१ हेच होते. न्यायाधीशांनी ८.४ मधल्या ‘उशीर होत आहे किंवा होणार आहे’ या शब्दांवर बोट ठेवून म्हटले होते, की उशीर होणार हे स्पष्ट झाले तेव्हाही कंत्राटदार नोटीस देऊ शकतो आणि उशीर प्रत्यक्ष सुरू झाल्यावरही देऊ शकतो. हा अर्थ घेतला तर आमचे २८ दिवस २० एप्रिलपासून धावू लागत होते. ज्या दिवशी सळईकाम सुरू व्हायचे आणि झाले नाही, तो हा दिवस. तिथून मुदत १८ मे रोजी संपत होती आणि आमची १४ मेची नोटीस तिच्या आत बसत होती.

मॅडमनी लगेच सावधही केले. “हा निकाल आपल्या करारावर बंधनकारक नाही. त्याच्यावर सगळा भार टाकू नका, तो दुसरा खांब म्हणून ठेवा,” असे त्या म्हणाल्या. पहिला खांब २४ एप्रिलचे ते पत्र. नोटिशीने घटना वर्णावी असे २०.१ म्हणते, कलमाचा आकडा लिहिलाच पाहिजे असे म्हणत नाही. त्या पत्रात घटना होती, काम खोळंबण्याची शक्यता होती आणि जबाबदारी आमची नाही हा दाव्याचा सूरही होता. व्यवस्थापकांनी ते रागाच्या भरात लिहिले होते, पण ठरलेल्या पत्त्यावर, पोच घेऊन दिले होते. त्या पोचपावतीचे मोल मला त्या दिवशी कळले.

मात्र त्या पत्राने एक काम केले नव्हते आणि त्याची किंमत वेगळ्या ठिकाणी मोजावी लागणार होती. आराखडे उशिरा मिळण्याबद्दलचे खास उपकलम १.९ आहे. त्याची नोटीस २०.१ च्या नोटिशीहून वेगळी असते. कोणता आराखडा हवा, का हवा, कोणत्या तारखेपर्यंत हवा आणि तो न मिळाल्यास किती व कसला उशीर होईल, हे सगळे तिच्यात असावे लागते. २४ एप्रिलच्या पत्रात ‘त्वरित’ होते, तारीख नव्हती. हे महत्त्वाचे का, ते थोडे सांगायला हवे, कारण याच जागी अनेक पत्रे अर्ध्यात लटकतात. १.९ खाली वेळही मिळतो आणि वाजवी नफ्यासह खर्चही मिळतो. ८.४ मध्ये मुदतवाढीची पाच कारणे आहेत. त्यांतले (ई) हे मालकामुळे किंवा मालकाच्या माणसांमुळे झालेल्या कोणत्याही अडथळ्याला लागू पडते, आणि इंजिनिअर हा त्या माणसांतच मोडतो. पण ८.४ स्वतःहून फक्त वेळ देते, पैसे देत नाही. म्हणून दावापत्रात मी आधार दोन पातळ्यांवर मांडला: प्रथम १.९ आणि त्याद्वारे ८.४ (बी), म्हणजे दुसऱ्या उपकलमाने दिलेला मुदतवाढीचा हक्क, आणि ते मान्य न झाल्यास पर्यायाने ८.४ (ई). अपुऱ्या नोटिशीमुळे १.९ कोसळले असते तरी वेळ वाचला असता, धोक्यात आले असते ते पैसे.

आराखडे अखेर २७ मे रोजी आले. दुसऱ्याच दिवशी, २८ मे रोजी, आम्ही अंतरिम दावा पाठवला. २०.१ प्रमाणे सविस्तर दावा ४२ दिवसांत द्यायचा असतो आणि २० एप्रिलपासून मोजता ती तारीख १ जून होती. पण घटनेचा परिणाम चालू असेल तर तो दावा अंतरिम समजला जातो, पुढे दर महिन्याला अंतरिम दावा द्यायचा आणि परिणाम संपल्यापासून २८ दिवसांत अंतिम दावा द्यायचा, अशी सोय त्याच उपकलमात आहे. परिणाम नक्की केव्हा संपतो, हा प्रश्न मला तेव्हा किरकोळ वाटला होता.

राफ्टचे शेवटचे काँक्रीट २८ जुलैला पडले. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात साइट व्यवस्थापकांनी अंतिम दाव्याचा मसुदा माझ्या टेबलावर ठेवला. त्यात एकूण १०० दिवस मागितले होते. हिशेब असा होता: संप या पाण्याच्या भूमिगत टाकीच्या जागेचा ताबा उशिरा मिळाला त्याचे २४ दिवस, आराखड्यांसाठी २ एप्रिल ते २७ मे असे ५५ दिवस आणि पावसाचे २१ दिवस. तिन्ही आकडे खरे होते आणि प्रत्येकामागे कागद होता. त्यांची बेरीज मात्र मुदतवाढ नव्हती, आणि हे त्यांना पटवायला मला दोन दिवस लागले. ते चिडले, आणि त्यांची चीड अगदी अनाठायी होती असेही मी म्हणणार नाही. ज्याने ऐंशी मजुरांना बसवून ठेवलेले पाहिले आहे, त्याला फ्लोट, म्हणजे वेळापत्रकातली मोकळीक, ही कागदी चलाखीच वाटते.

ताब्यापासून सुरुवात केली. संपची जागा १५ मार्चला मिळायची होती, ती ८ एप्रिलला मिळाली. उपकलम २.१ मालकाच्या विरुद्ध स्पष्ट होते आणि नोटीसही वेळेवर गेली होती. पण ३१ मार्चच्या अद्ययावत वेळापत्रकात संपच्या कामाला ४० दिवसांचा फ्लोट होता, म्हणजे ते काम इतके दिवस मागे सरकले तरी प्रकल्पाच्या अंतिम तारखेला धक्का लागत नव्हता. प्रकल्पाचा क्रिटिकल पाथ, म्हणजे ज्या कामांतला उशीर थेट अंतिम तारीख ढकलतो ती साखळी, गाळणगृहातून जात होता: खोदकाम, राफ्ट, भिंती, गाळणीचे नळकाम, यंत्रसामग्री, चाचणी. २४ दिवसांच्या उशिराने संपचा फ्लोट ४० वरून १६ वर आला आणि पूर्णत्वाची तारीख जिथल्या तिथे राहिली. ८.४ मुदतवाढ देते ती काम पूर्ण होण्यास उशीर झाला तर, कोणीतरी उशीर केला म्हणून नव्हे. मी पत्रात ही घटना लिहिली, कलम लिहिले आणि समोर मागणी शून्य दिवस अशी लिहिली. फ्लोट संपून पुढे परिणाम दिसला तर हक्क राखून ठेवतो, हे एक वाक्य जोडले. व्यवस्थापक म्हणाले, “शून्यच मागायचे तर लिहिता कशाला?” लिहायचे ते अशासाठी, की इंजिनिअरच्या माणसाला ते शून्य दिसले की पुढचा आकडा तो वेगळ्या नजरेने वाचतो.

आराखड्यांचे ५५ दिवस दोन्ही टोकांना चुकलेले होते. २ एप्रिल ते १९ एप्रिल या १८ दिवसांत राफ्टच्या आराखड्याची वाट कोणीच पाहत नव्हते, कारण सळईकाम वीस तारखेलाच सुरू व्हायचे होते. ते १८ दिवस गेले. दुसऱ्या टोकाला मात्र व्यवस्थापकांनी स्वतःचेच नुकसान केले होते. आराखडा हातात आला म्हणजे दुसऱ्या दिवशी सळई बांधता येत नाही. नव्या रचनेत तळाच्या सळया जाड झाल्या होत्या, म्हणून बार बेंडिंग शेड्यूल, म्हणजे कोणती सळई किती कापायची व कशी वाकवायची याचा तक्ता, नव्याने बनवावे लागले, सळया मागवाव्या लागल्या, कापून वाकवाव्या लागल्या. सळईकाम ८ जूनला सुरू झाले, म्हणजे आणखी १२ दिवस. पंचावन्नातून अठरा वजा आणि बारा जमा केले, की ४९ उरतात. २० एप्रिल ते ८ जून हेही तेवढेच भरते. दोन वाटांनी काढलेला आकडा एक आला, तेव्हा मला पहिल्यांदा बरे वाटले.

ते समाधान संध्याकाळपर्यंतच टिकले. साइटची दैनंदिन नोंदवही चाळताना दिसले, की २० एप्रिलला आराखडे हातात असते तरी आम्ही सळई बांधू शकलो नसतो. खोदकाम १८ एप्रिलला संपायचे होते, पण खड्ड्यातले पाणी उपसायला आणलेले पंप अपुरे पडले आणि तळाचे साधे काँक्रीट ४ मे रोजी पूर्ण झाले. तो दोष सर्वस्वी आमचा होता. म्हणजे २० एप्रिल ते ४ मे या १५ दिवसांत आमचा उशीर आणि इंजिनिअरचा उशीर एकाच कामाला एकाच वेळी अडवून बसले होते. याला समवर्ती उशीर म्हणतात, आणि १९९९ च्या फिडिकमध्ये त्याबद्दल एक अक्षरही नाही. २०१७ च्या आवृत्तीत आहे, पण तीही नियम विशेष अटींत ठरवावेत एवढेच सांगते.

इथे दोन मार्ग होते. गप्प बसायचे आणि कोणाच्या लक्षात येऊ नये अशी आशा करायची, किंवा स्वतःच सांगायचे. इंजिनिअरच्या कार्यालयात आमचे रोजचे अहवाल जात होते, त्यामुळे पहिला मार्ग मुळात नव्हताच. आम्ही पत्रात एक स्वतंत्र परिच्छेद लिहिला. त्यात खोदकामातला आमचा उशीर तारखांसह मान्य केला आणि ब्रिटनच्या सोसायटी ऑफ कन्स्ट्रक्शन लॉच्या उशीर व व्यत्ययाविषयीच्या प्रोटोकॉलचा, त्याच्या २०१७ च्या दुसऱ्या आवृत्तीचा, आधार घेतला. दोन्ही उशीर खरोखर एकाच वेळी पूर्णत्वाला धक्का देत असतील तर कंत्राटदाराच्या उशिरामुळे त्याची मुदतवाढ कमी करू नये, पण त्या काळाचा वेगळा काढता न येणारा खर्च त्याला मिळू नये, अशी त्याची सर्वसाधारण दिशा आहे. आम्ही याच न्यायाने वेळ ४९ दिवसांचा मागितला आणि साइटवरचा चालू खर्च ५ मे ते ८ जून या ३४ दिवसांचाच मागितला. वित्त विभागाला ही वजाबाकी आवडली नाही. पण मालकाच्या उशिराशिवायही ते १५ दिवस आमच्या खिशातूनच गेले असते, याला त्यांच्याकडे उत्तर नव्हते.

हे सगळे नुसत्या गद्यात सांगून भागत नाही, वेळापत्रकात दाखवावे लागते. आमच्या नियोजन अभियंत्याने ३१ मार्चची अद्ययावत प्रत घेतली, कारण २ एप्रिलच्या घटनेआधीची ती शेवटची होती आणि इंजिनिअरकडेही तीच होती. तिच्यात त्याने तीन छोट्या क्रिया घातल्या: आराखड्यांची प्रतीक्षा, बार बेंडिंग शेड्यूल आणि सळईचा पुरवठा. त्या राफ्टच्या आधी जोडल्या आणि वेळापत्रक पुन्हा चालवले. पूर्णत्वाची तारीख ४९ दिवस पुढे गेली. त्यानंतर त्याने जे करून घेतले ते मी पुढे प्रत्येक दाव्यात करून घेतो: भिंती आणि नळकाम यांच्या प्रत्यक्ष तारखा शेजारी मांडून तो क्रिटिकल पाथ जमिनीवरही तोच होता का, हे पाहिले. संगणकातला मार्ग आणि खड्ड्यातला मार्ग वेगळे निघाले की समोरचा तज्ज्ञ नेमका तिथेच बोट ठेवतो.

उरला पाऊस. व्यवस्थापकांनी जून-जुलैतला प्रत्येक ओला दिवस धरून २१ काढले होते आणि आधार ८.४ (सी) चा, म्हणजे अपवादात्मक प्रतिकूल हवामानाचा दिला होता. मी जवळच्या हवामान केंद्राच्या मागील १० वर्षांच्या नोंदी मागवल्या. त्या दोन महिन्यांतला पाऊस सरासरीच्या आसपासच निघाला. पावसाळी महिन्यात पाऊस पडणे अपवादात्मक नसते, त्यामुळे या कलमाखाली एकही दिवस मिळण्यासारखा नव्हता. मी तो भाग खोडणार होतो, तेवढ्यात मॅडमनी फोनवर एकच प्रश्न विचारला: मूळ वेळापत्रकात राफ्ट केव्हा व्हायचा होता?

२० एप्रिल ते ३१ मे, ४२ दिवस. त्याच दहा वर्षांच्या नोंदी त्या कालखंडासाठी पाहिल्या तर तो जवळजवळ कोरडा होता. राफ्ट पावसात सापडला तो आराखडे उशिरा आले म्हणून. म्हणजे हा पाऊस वेगळी घटना नव्हता, तो आराखड्यांच्या उशिराचाच पुढचा परिणाम होता आणि त्याला ८.४ (सी) ची गरजच नव्हती. पाऊस तोच, महिने तेच, पण कलम बदलले आणि दावा उभा राहिला. शिवाय परिणाम ८ जूनला संपत नसून राफ्ट पूर्ण होईपर्यंत, म्हणजे २८ जुलैपर्यंत चालला, हेही त्यातून ठरले. ८ जून धरला असता तर अंतिम दाव्याची मुदत ६ जुलैलाच संपलेली होती. आता ती २५ ऑगस्टला संपत होती. जूनचा आणि जुलैचा मासिक अंतरिम दावा मी सवयीने पाठवत गेलो होतो, ते इथे कामी आले.

दिवस मात्र २१ राहिले नाहीत. ओला दिवस आणि वाया गेलेला दिवस यांत फरक असतो. खड्ड्यात पाणी भरल्यामुळे किंवा काँक्रीट पुढे ढकलल्यामुळे राफ्टचे काम पूर्ण थांबले, असे नोंदवहीत, मजूर हजेरीत आणि पर्जन्यमापकात एकत्र दिसणारे दिवस ९ होते. पुन्हा पडताळून पाहिले: ८ जूनपासून ४२ दिवस मोजले की १९ जुलै येतो, त्यात ९ मिळवले की २८ जुलै, आणि मूळ ३१ मेपासून तिथवर ५८ दिवस होतात.

अंतिम पत्र १८ ऑगस्टला गेले. मुख्य मजकूर सहा पानांचा होता आणि जोडपत्रांच्या दोन जाड फायली होत्या. मजकुराचा क्रम मी तीनदा बदलला. आधी कलमांनुसार लावला होता, तो वाचवेना. शेवटी तारखांनुसार लावला. काय घडले, ते आम्हाला केव्हा कळले, नोटीस केव्हा व कशी दिली, वेळापत्रकातल्या कोणत्या कामाला ते भिडले, त्या कामाने पूर्णत्वाची तारीख किती सरकवली, आणि या सगळ्याला करारातले कोणते शब्द लागू होतात, अशी प्रत्येक घटनेची गोष्ट तिथल्या तिथे पुरी केली. प्रत्येक वाक्यापुढे जोडपत्राचा क्रमांक दिला. आमच्या तीव्र नाराजीबद्दलचे दोन परिच्छेद व्यवस्थापकांनी आग्रहाने घातले होते, ते मी त्यांच्या संमतीने काढले. त्यांच्या जागी, दरम्यानच्या काळात सळईची टोळी संपच्या कामाकडे वळवून आम्ही नुकसान कसे आवरले, हे लिहिले. त्यामुळे खर्चाचा आकडा थोडा घटला, पण हात जोडून बसून राहिलो नव्हतो हे दिसले.

इंजिनिअरला उत्तरासाठी ४२ दिवस होते, म्हणजे २९ सप्टेंबरपर्यंत. मधल्या काळात त्यांच्या नियोजनतज्ज्ञाने दोनदा माहिती मागितली आणि एकदा बैठक घेतली. नोटिशीच्या मुदतीवर हरकत आलीच. आम्ही २४ एप्रिलचे पत्र पुढे केले आणि बराच वेळ चर्चा झाली. त्यांचा लेखी निर्णय २६ सप्टेंबरला आला. २४ एप्रिलचे पत्र २०.१ साठी पुरेसे मानले होते, त्यामुळे दुसऱ्या खांबापर्यंत जाण्याची वेळच आली नाही. १.९ साठी मात्र ते पत्र अपुरे ठरवून १४ मेची नोटीस ग्राह्य धरली होती आणि खर्च ५ मेऐवजी १४ मेपासून दिला होता. ‘त्वरित’ ऐवजी एक तारीख लिहिली असती तर ते ९ दिवसांचे पैसे गेले नसते.

वेळ ५१ दिवसांचा मिळाला, मागणीपेक्षा ७ कमी. त्यातले ४ दिवस सळईच्या तयारीतून कापले होते. सुधारित आराखड्याची आगाऊ प्रत २३ मे रोजी ईमेलने ‘माहितीसाठी’ आली होती आणि तिच्यावरून सळया मागवता आल्या असत्या, असे त्यांचे म्हणणे होते. ती प्रत आमच्या नोंदीत होती, मी तिच्याकडे पाहिलेच नव्हते. मंजुरी नसलेल्या प्रतीवर माल मागवणे कंत्राटदारावर बंधनकारक आहे का, यावर वाद घालता आला असता. पावसाच्या नवांपैकी ३ दिवस गेले ते नोंदवहीतल्या एका ओळीमुळे. त्या तीन दिवसांपुढे आमच्याच पर्यवेक्षकाने लिहिले होते, ‘पंप नादुरुस्त, पाणी काढता आले नाही.’ पावसाचा उल्लेख खालच्या ओळीत होता. त्या पर्यवेक्षकाला मी दोष देत नाही. त्याने जे घडले ते लिहिले, आणि पंप खरोखरच बिघडला होता.

उरलेल्या ७ दिवसांसाठी वाद निवारण मंडळाकडे जाण्याचा मार्ग २०.४ खाली मोकळा होता. त्या सात दिवसांच्या भरपाईची रक्कम आणि मंडळापुढच्या सुनावणीचा खर्च मॅडमनी एका कागदावर शेजारी शेजारी लिहिले आणि तो कागद माझ्याकडे सरकवला. आम्ही गेलो नाही. भिंतींच्या काँक्रीटसाठी रात्रपाळी लावून ते दिवस भरून काढायचे ठरले आणि तसे सुधारित वेळापत्रक ८.३ प्रमाणे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात इंजिनिअरला सादर केले. त्याच आठवड्यात पर्यवेक्षकांसाठी नोंदवहीचा नवा नमुना छापून घेतला. त्यात काम थांबल्याच्या कारणासाठी एक रकाना आहे, आणि ते थांबले नसते तर त्या दिवशी कोणते काम चालले असते, यासाठी दुसरा.